क्लॅरिटी, टेक्स्चर, शार्पनिंग: तीन स्लायडर, तीन मापे

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या आवारात सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला एक फोटो कल्पनेत आणा. पुढे इरकल नेसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आजी उभ्या आहेत. मागे काळ्या बसाल्टची कोरीव भिंत, तिच्यावर चढत गेलेले शिखर आणि शिखरामागे निरभ्र आकाश. चौकट जमली आहे, फोकस आजींच्या डोळ्यांवर आहे, उजेडही नीट आहे. तरी स्क्रीनवर फोटो जरा मिळमिळीत वाटतो. दगडाचा खरखरीतपणा जाणवत नाही, कोरीव कामाची खोली कळत नाही, पातळाचे विणकाम सपाट दिसते.

अशा वेळी आपण फोटो एडिटर उघडतो आणि तीन स्लायडरपाशी अडतो: क्लॅरिटी, टेक्स्चर आणि शार्पनिंग. कोणताही उजवीकडे सरकवला की फोटो ‘उठतो’. म्हणून बहुतेक लोक तिन्ही थोडे थोडे, आणि मग आणखी थोडे सरकवतात. शेवटी दगड छान दिसतो, पण आजींच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे येतात, गालाची त्वचा चामड्यासारखी होते आणि शिखराभोवती आकाशात पांढुरकी पट्टी उमटते. हा बिघाड टाळता येतो. त्यासाठी प्रत्येक स्लायडर फोटोतल्या केवढ्या आकाराच्या गोष्टींना हात लावतो, एवढे समजून घ्यावे लागते. या लेखात उदाहरण म्हणून अॅडोबीच्या लाइटरूममधले स्लायडर घेतले आहेत. मोबाइलवरच्या इतर अॅप्सबद्दल पुढे लिहिले आहे.

मुळाशी एकच गणित

फोटो म्हणजे पिक्सेलच्या ओळी आणि प्रत्येक पिक्सेलला उजेडाचा एक आकडा. शून्य म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. शिखराची कड जिथे आकाशाला भिडते तिथली सहा पिक्सेलची एक ओळ घेऊ. सोयीसाठी दगडाचा आकडा १०० आणि आकाशाचा १५० धरू. ओळ अशी दिसेल: १००, १००, १००, १५०, १५०, १५०.

आता या ओळीची एक पुसट प्रत बनवू. प्रत्येक पिक्सेलच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी लिहायची. कडेपासून लांबचे आकडे तसेच राहतात, पण कडेवरचा १०० आता ११७ होतो आणि १५० चा १३३ होतो. मग मूळ ओळीतून ही पुसट ओळ वजा करायची. सगळीकडे शून्य उरते, फक्त कडेवर एका बाजूला उणे १७ आणि दुसऱ्या बाजूला अधिक १७ मिळतात. हा फरक मूळ ओळीत मिळवला की नवी ओळ तयार होते: १००, १००, ८३, १६७, १५०, १५०.

कडेची गडद बाजू आणखी गडद झाली, उजळ बाजू आणखी उजळ झाली. मूळ फोटोत नसलेला एकही तपशील यात नव्याने आलेला नाही. तरी डोळ्याला कड धारदार वाटते, कारण आपली दृष्टीही कडांपाशी असाच फरक वाढवून पाहते. १८६५ मध्ये अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट दाखवली होती. करड्या रंगाच्या दोन छटांच्या सीमेवर डोळ्याला एक जास्त काळी आणि एक जास्त उजळ पट्टी भासते, प्रत्यक्षात ती नसतानाही. एडिटर आपल्या डोळ्याच्या या सवयीला हातभार लावतो.

या गणितात कळीची गोष्ट एकच आहे: पुसट प्रत बनवताना किती दूरपर्यंतचे शेजारी धरायचे? एक-दोन पिक्सेल धरले तर फक्त बारीक कडा उठतात. पाच-पन्नास धरले तर पृष्ठभागावरचे खाचखळगे उठतात. शेकड्यांनी धरले तर उजेड आणि सावलीचे मोठे पट्टे एकमेकांपासून वेगळे होतात. पहिले काम शार्पनिंगचे, दुसरे टेक्स्चरचे आणि तिसरे क्लॅरिटीचे. प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमधले गणित याहून बरेच सुधारलेले असते, पण कामाची वाटणी हीच आहे.

आता पुन्हा मंदिराच्या फोटोकडे पाहा. कोनाड्यातली सावली आणि खांबावरचे ऊन यांच्यातला फरक हे क्लॅरिटीचे क्षेत्र. दगडाची सच्छिद्रता, आजींच्या सुरकुत्या आणि पातळाचे विणकाम हे टेक्स्चरचे. पापण्या, केसांचे तंतू आणि छिन्नीने काढलेली बारीक रेघ हे शार्पनिंगचे.

शार्पनिंग: कॅमेऱ्याने गमावलेली धार

तिन्हींमध्ये शार्पनिंग हे दुरुस्तीचे काम आहे, सजावटीचे नाही. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग टिपतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७० च्या दशकात शोधलेली ही रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरले जातात आणि त्या अंदाजात धार थोडी बोथट होते. कापडाच्या विणीवर नको ते लहरी आकार उमटू नयेत म्हणून अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे प्रतिमा किंचित पुसट करणारा एक फिल्टरही बसवलेला असतो. म्हणून रॉ फाइल जराशी मऊ दिसणारच. ती धार परत आणणे हे शार्पनिंगचे पहिले काम.

लाइटरूममध्ये त्यासाठी चार स्लायडर आहेत. अमाउंट म्हणजे जोर, वरच्या उदाहरणातला १७ किती पट करून मिळवायचा ते. रेडियस म्हणजे कडेपासून किती दूरपर्यंत परिणाम पोहोचवायचा. तो अर्ध्या पिक्सेलपासून तीन पिक्सेलपर्यंत असतो. डिटेल अगदी बारीक तपशिलांना किती महत्त्व द्यायचे ते ठरवतो. आणि मास्किंग सपाट भाग वगळून फक्त कडांवर काम करायला सांगतो. रॉ फाइल उघडली की सध्याच्या आवृत्त्यांत अमाउंट ४०, रेडियस १, डिटेल २५ आणि मास्किंग शून्य असे आधीच लावलेले असते. जेपेगला मात्र अमाउंट शून्य मिळतो, कारण कॅमेऱ्याने जेपेग बनवतानाच धार लावलेली असते. जेपेगवर सवयीने ४० ठेवले, तर एकाच कडेला दोनदा धार लागते आणि कडेशेजारी बारीक पांढरी रेघ दिसू लागते.

या चौघांमध्ये लोक सर्वांत कमी वापरतात तो मास्किंग, आणि फोटो बिघडण्यापासून सर्वांत जास्त वाचवतो तोही तोच. संगणकावर ऑल्ट कळ दाबून, मॅकवर ऑप्शन दाबून, मास्किंग सरकवा. फोटो काळा-पांढरा होतो. पांढऱ्या भागाला धार लागणार, काळ्याला नाही. शून्यावर सगळा पडदा पांढरा असतो. म्हणजे निरभ्र आकाशालाही धार लागते आहे, आणि आकाशात धार लावण्यासारखे काहीच नसल्यामुळे तिथला नॉइज, म्हणजे रंगाचे बारीक दाणे, तेवढे वर येतात. मास्किंग साठच्या आसपास नेले की आकाश काळे होते, गालही बराचसा काळा होतो आणि डोळे, पापण्या, केस, कोरीव कामाच्या रेघा पांढऱ्या राहतात. तिथे थांबावे.

चेहरा आणि निसर्गदृश्य यांना वेगळी धार लागते. लाइटरूमसोबत येणाऱ्या जुन्या तयार सेटिंगमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. चेहऱ्यासाठी रेडियस मोठा म्हणजे १.४, डिटेल कमी म्हणजे १५ आणि मास्किंग ६०. दृश्यासाठी रेडियस लहान म्हणजे ०.८, डिटेल जास्त म्हणजे ३५ आणि मास्किंग शून्य. चेहऱ्यात आपल्याला पापणीची मोठी रेघ हवी असते, त्वचेची छिद्रे नको असतात. दृश्यात पानापानाची कड हवी असते.

शार्पनिंग करताना फोटो शंभर टक्के मोठा करूनच पाहावा, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर बसतो. पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल इतका लहान करून पाहिला, तर एक-दोन पिक्सेलचा बदल दिसतच नाही. मग माणूस स्लायडर पुढे पुढे नेत राहतो आणि प्रिंट हातात आल्यावर दचकतो.

शार्पनिंगची मर्यादाही इथेच सांगायला हवी. फोकस चुकला असेल किंवा हात हलला असेल, तर हा स्लायडर ते दुरुस्त करत नाही. दोन्हींतला फरक शंभर टक्क्यांवर ओळखता येतो. डोळ्यातला उन्हाचा ठिपका सगळ्या बाजूंनी सारखा पसरलेला असेल आणि कान किंवा मागची भिंत मात्र स्वच्छ असेल, तर फोकस चुकला आहे. ठिपक्याची एकाच दिशेने रेघ झाली असेल आणि चौकटीतले सगळेच तसे दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. अशा फोटोत मूळ कडच दहा-वीस पिक्सेलभर पसरलेली असते. तिच्यावर एक पिक्सेलची धार लावून फक्त दाणे वाढतात.

क्लॅरिटी: उजेड-सावलीचा उठाव

लाइटरूम २००७ मध्ये बाजारात आले आणि त्याच वर्षी त्यात क्लॅरिटी दाखल झाली. त्याआधी जाणकार मंडळी फोटोशॉपमधल्या अनशार्प मास्क या शार्पनिंगच्याच साधनाने हे काम करत असत. युक्ती अशी होती की जोर अगदी कमी, वीस टक्क्यांच्या आसपास ठेवायचा आणि रेडियस मात्र पन्नास पिक्सेलपर्यंत वाढवायचा. त्यामुळे बारीक कडा जवळपास तशाच राहत, पण फोटोवरचा पातळ पडदा दूर झाल्यासारखे वाटे. मायकल राइशमन या कॅनडातल्या छायाचित्रकाराने आपल्या लेखनातून ही पद्धत लोकप्रिय केली.

क्लॅरिटी हेच करते, फक्त जास्त समजूतदारपणे. तिचा भर मधल्या छटांवर असतो, म्हणजे फार काळ्या आणि फार पांढऱ्या टोकांना ती कमी हात लावते. म्हणूनच ती कॉन्ट्रास्ट स्लायडरपेक्षा वेगळी आहे. कॉन्ट्रास्ट संपूर्ण फोटोतल्या सगळ्या उजळ भागांना वर आणि सगळ्या गडद भागांना खाली ढकलतो. क्लॅरिटी प्रत्येक भागाची तुलना त्याच्या आसपासच्या परिसराशी करते. खांब त्याच्यामागच्या कोनाड्यापेक्षा थोडा उजळ असेल, तर तो आणखी थोडा उजळतो. त्याच वेळी फोटोच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, याच्याशी तिचा संबंध नसतो.

म्हणून क्लॅरिटी कोरीव मंदिराला, किल्ल्याच्या तटबंदीला, पावसाळी ढगांना, जुन्या लाकडी वाड्याच्या तुळयांना मानवते. या सगळ्यांत उजेड-सावलीच्या मध्यम आणि मोठ्या आकारांची रचना असते आणि ती उठून दिसणे हाच फोटोचा हेतू असतो. मंदिराच्या भिंतीला +१५ ते +२५ एवढी क्लॅरिटी पुरते.

चेहऱ्यावर हाच गुण दोष ठरतो. डोळ्यांखालची सावली, गालाचा खळगा, नाकाशेजारची रेघ या नेमक्या क्लॅरिटीच्या मापाच्या गोष्टी आहेत. ती त्यांना गडद करते आणि माणूस दमलेला, आजारी दिसतो. कष्टकरी माणसांचे चेहरे ‘दमदार’ दाखवायचे म्हणून क्लॅरिटी साठ-सत्तरवर नेण्याची पद्धत फार पसरली आहे. मला ती अन्यायाची वाटते. त्या माणसाच्या चेहऱ्यावर होता त्यापेक्षा जास्त थकवा आपण त्याच्यावर लादतो.

दुसरा दोष कडांपाशी दिसतो. शिखरासारखी गडद वस्तू आकाशासारख्या उजळ आणि सपाट पार्श्वभूमीला भिडते, तिथे परिसराशी केलेली तुलना आकाशावरही सांडते. शिखराभोवतीचे आकाश उजळते आणि रुंद, मऊ प्रभावळ तयार होते. २०१२ मध्ये लाइटरूमच्या चौथ्या आवृत्तीत क्लॅरिटीचे गणित बदलले. मोठ्या कडा ओळखून त्यांना सांभाळून घेणारी पद्धत आली, त्यामुळे प्रभावळ पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली. पण आकडा पन्नासच्या वर गेला की ती आजही दिसू लागते. आकाशातला दुसरा त्रास म्हणजे सेन्सरवरच्या धुळीचे डाग. एरवी न दिसणारे फिकट करडे ठिपके क्लॅरिटी वाढवली की लगेच दिसतात. ते आधी पुसून घ्यावेत.

क्लॅरिटी शून्याच्या खाली नेली की उलटे होते. उजेड-सावलीचे मोठे फरक विरघळतात, पण बारीक कडा बऱ्याच शाबूत राहतात. धुक्यातली सकाळ किंवा समईच्या उजेडातले देवघर यांना -१० ते -२० ची मऊ झळाळी शोभते. चेहऱ्याची त्वचा गुळगुळीत करायला मात्र ती वापरू नये. त्वचा मऊ होण्याऐवजी चेहऱ्याचा गोलावाच कमी होतो आणि तो धुरकट दिसतो.

टेक्स्चर: पृष्ठभागाचा स्पर्श

टेक्स्चर सर्वांत धाकटा, मे २०१९ मध्ये आलेला. अॅडोबीचे अभियंता मॅक्स वेंट यांनी त्याची जन्मकथा सांगितली आहे. सुरुवातीला हा स्लायडर त्वचा मऊ करण्यासाठीच बनवला जात होता. म्हणजे त्याची डावी, उणे बाजू आधी सुचली. मग लक्षात आले की हेच गणित उलट दिशेला चालवले तर पृष्ठभागाचा खरखरीतपणा सुंदर उठतो.

त्याच्या उपयोगाचे गुपित मधल्या मापात आहे. नॉइजचे दाणे एक-दोन पिक्सेलचे असतात. टेक्स्चर त्यांच्याहून मोठ्या गोष्टींवर काम करतो, म्हणून शार्पनिंगइतके दाणे वाढवत नाही. दुसऱ्या बाजूने तो उजेड-सावलीच्या मोठ्या पट्ट्यांहून लहान गोष्टींवर काम करतो, म्हणून क्लॅरिटीसारखा फोटोचा एकूण उजेड किंवा रंगांची गडदता फारशी बदलत नाही. दगडाची छिद्रे, झाडाची साल, मांजराची लव, हातमागाच्या कापडाची वीण, भाकरीवरचे फोड हे सगळे या मापात बसते.

फोकसबाहेरच्या पार्श्वभूमीशी तो कसा वागतो हेही पाहण्यासारखे आहे. पुसट झालेल्या झाडीत मधल्या मापाचा तपशील उरलेलाच नसतो, म्हणून टेक्स्चरला तिथे पकडायला काही मिळत नाही आणि ती मऊच राहते. क्लॅरिटीला मात्र पुसट झाडीतही उजेड-अंधाराचे मोठे गोळे सापडतात. ती त्यांना गडद करते आणि पार्श्वभूमी मळकट, गडबडीची होते. पुढचे फूल स्पष्ट आणि मागचे सगळे विरघळलेले अशा फोटोला टेक्स्चर लावावे, क्लॅरिटी नाही.

त्वचेसाठी टेक्स्चर उणे बाजूला -१० ते -२० पर्यंत नेला की छिद्रे आणि डाग सौम्य होतात. पापण्या आणि केसांची बारीक धार त्याच्या मापाच्या पलीकडची असल्यामुळे टिकते, आणि चेहऱ्याचा गोलावाही तसाच राहतो. -५० च्या पुढे गेले की त्वचा मेणाची दिसते. उजव्या बाजूला +६० च्या पुढे दगड किडका दिसू लागतो, जणू त्याच्यावर कोणी वाळू चिकटवली आहे.

आता तो फोटो

मंदिराचा फोटो २४ मेगापिक्सेलचा, रॉ फाइल आहे असे धरू. आधी उजेड, पांढरा समतोल आणि सावल्या नीट करून घ्यायच्या. फोटो खूप काळोखा असताना लावलेली क्लॅरिटी उजेड वाढवल्यावर जास्त वाटू लागते. लाइटरूम स्वतःच्या ठरलेल्या क्रमाने गणित करते, त्यामुळे कोणता स्लायडर आधी हलवला याने निकाल बदलत नाही. पण आपल्या डोळ्याला मोठ्याकडून बारीककडे जाणे सोयीचे पडते. म्हणून आधी क्लॅरिटी, मग टेक्स्चर, शेवटी शार्पनिंग.

क्लॅरिटी संपूर्ण फोटोला लावायची नाही. ब्रशने भिंत आणि शिखर यांचा मास्क रंगवायचा. शिखराच्या कडेशी ब्रश आकाशात जाऊ द्यायचा नाही, आणि आजींचा चेहरा व हात बाहेर ठेवायचे. या मास्कला क्लॅरिटी +२० आणि टेक्स्चर +२५. कोनाडे लगेच खोल होतात, दगड हाताला लागेल असा वाटतो. आकाश मास्कमध्ये नसल्यामुळे प्रभावळीचा धोका जवळजवळ मिटतो.

दुसरा मास्क पातळाचा. इथे फक्त टेक्स्चर +१५, क्लॅरिटी शून्य. क्लॅरिटीने निऱ्यांच्या सावल्या काळ्या पडतील आणि इरकलचा रंग उदास होईल. आपल्याला हवे आहे ते विणकाम, घड्या नव्हेत.

तिसरा मास्क चेहऱ्याचा. सुरकुत्या पुसायच्या नाहीत. त्या आजींच्या आहेत. तिरप्या उन्हामुळे त्या जरा जास्तच कोरल्यासारख्या दिसत असतील, तर टेक्स्चर -१० पुरे. डोळ्यांपुरता छोटा मास्क करून त्याला शार्पनेस +१५ द्यायचा, म्हणजे पाहणाऱ्याची नजर आपोआप तिथे जाते.

मग शंभर टक्क्यांवर जाऊन पूर्ण फोटोचे शार्पनिंग. अमाउंट ४५, रेडियस १, डिटेल २५. ऑल्ट दाबून मास्किंग साठवर नेले की आकाश आणि गाल काळे, पापण्या आणि कोरीव रेघा पांढऱ्या. हाच फोटो संध्याकाळी मंद उजेडात, आयएसओ ३२०० वर काढला असता, तर आधी नॉइज कमी करून घ्यावा लागला असता आणि डिटेल दहापर्यंत खाली, मास्किंग ऐंशीपर्यंत वर न्यावे लागले असते.

शेवटची पायरी अनेक जण विसरतात. फोटोची रुंदी ६००० पिक्सेल आहे आणि तो स्क्रीनसाठी २०४८ पिक्सेलचा करून पाठवायचा आहे. लहान करताना अनेक पिक्सेल मिळून एक होतो आणि धार पुन्हा थोडी जाते. म्हणून लाइटरूमच्या एक्सपोर्टच्या खिडकीत वेगळे आउटपुट शार्पनिंग असते: स्क्रीन, मॅट कागद किंवा ग्लॉसी कागद, आणि प्रत्येकासाठी लो, स्टँडर्ड, हाय असे तीन जोर. स्क्रीनसाठी स्टँडर्ड घ्यावे. मॅट कागदावर शाई किंचित पसरते, म्हणून त्यासाठी लावलेली धार स्क्रीनवर पाहिली तर जास्त वाटेल. ती कागदासाठी बरोबर असते. धारेची ही टप्प्याटप्प्याने वाटणी ब्रूस फ्रेझर या लेखक-छायाचित्रकाराने रुजवली: आधी कॅमेऱ्याचा मऊपणा भरून काढणे, मग हव्या त्या भागाला उठाव देणे, आणि शेवटी फोटो जिथे जाणार त्या माध्यमासाठी धार लावणे. त्यांचे २००६ मध्ये निधन झाले, पण लाइटरूमच्या शार्पनिंगमध्ये त्यांचा विचार आजही दिसतो.

मोबाइलवर

मोबाइलच्या लाइटरूम अॅपमध्ये टेक्स्चर आणि क्लॅरिटी इफेक्ट्सच्या भागात असतात आणि शार्पनिंग डिटेलच्या भागात. स्नॅपसीडमध्ये डिटेल्स या साधनात स्ट्रक्चर आणि शार्पनिंग अशा दोन गोष्टी आहेत. स्ट्रक्चरचे काम टेक्स्चरच्या जवळचे आहे, पण त्याचा हात जड आहे. +१० ते +२० च्या पुढे जाताना आकाशाकडे लक्ष ठेवावे, दाणे आधी तिथेच दिसतात.

मोबाइलच्या फोटोबाबत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला फोनने आधीच भरपूर धार लावलेली असते. लहान सेन्सरचा मऊपणा झाकण्यासाठी फोनचे सॉफ्टवेअर हे आपणहून करते. खात्री करायची असेल, तर आकाशासमोरची विजेची तार किंवा इमारतीची कड बोटांनी मोठी करून पाहा. कडेला लागून बारीक पांढरी रेघ दिसली, तर धार लागून झाली आहे. अशा फोटोला शार्पनिंग शून्य ठेवावे. उठाव हवाच असेल तर टेक्स्चर थोडा, किंवा दृश्य असेल तर क्लॅरिटी थोडी. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर हे आणखी पाळावे. तिथे फोटो लहान होतो आणि दाबून बसवला जातो. जास्त धार लावलेल्या कडांभोवती मग चौकोनी ठिगळे आणि खडबडीत रेघा उमटतात.

बिघाड कोणाचा, हे ओळखताना

फोटो जास्त झाला आहे असे वाटले तर सगळेच मागे घेण्याची गरज नसते. दोष केवढ्या मापाचा आहे ते पाहावे, म्हणजे स्लायडर सापडतो. फोटो लहान करून, लांबून पाहतानाही डोळ्यांखाली काळोख, रंग राखाडी, डोंगराभोवती रुंद उजळ पट्टा दिसत असेल, तर क्लॅरिटी जास्त आहे. मध्यम अंतरावरून त्वचा चामड्यासारखी किंवा दगड वाळू चिकटवल्यासारखा वाटत असेल, तर टेक्स्चर. शंभर टक्क्यांवर कडेला केसाएवढी पांढरी रेघ आणि सपाट भागात दाणे दिसत असतील, तर शार्पनिंग: जोर कमी करायचा किंवा मास्किंग वाढवायचे.

स्लायडर हलवत असताना डोळा फार लवकर सरावतो आणि पाच मिनिटांपूर्वी जास्त वाटलेला उठाव साधा वाटू लागतो. म्हणून मनासारखे झाले की फोटो बंद करून काही वेळ दुसरे काम करावे, परत आल्यावर आधीचा आणि नंतरचा फोटो एकदा आलटून-पालटून पाहावा आणि क्लॅरिटीचा आकडा तरी निम्मा करून बघावा. बहुतेक वेळा निम्माच ठेवावासा वाटतो. आणि कोणता स्लायडर घ्यायचा ते कळेनासे झाले, तर फोटोतली जी गोष्ट उठायला हवी तिच्यावर बोट ठेवावे. ती तळहाताएवढी सावली आहे, बोटाच्या पेराएवढी खरखर आहे की केसाएवढी रेघ आहे, एवढे पाहिले की उत्तर मिळते.